आरसा आपोआप काळवंडतो तेव्हा

रात्रीच्या प्रवासात डोळे दिपवणारा उजेड दोन दिशांनी येतो. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड त्रासदायक असतो, पण चार-पाच सेकंदांत ती गाडी निघून जाते. मागून अप्पर लावून येणारी गाडी मात्र दहा-दहा मिनिटे पाठ सोडत नाही. शिवाय मागची वाहतूक पाहण्यासाठी चालक दर काही सेकंदांनी आरशात पाहतो, म्हणजे त्या दिव्यांकडे स्वतःहून नजर नेतो. अलीकडे अनेक गाड्यांत हा उजेड आपोआप मंद करणारा ऑटो-डिमिंग आरसा असतो. बाहेरचे आरसे गाडी बंद करताच मिटतात आणि रिव्हर्स गिअर टाकला की काही गाड्यांत डावा आरसा खाली झुकतो. या तिन्ही सोयींचे पैसे मोजून गाडी घेतलेल्या अनेकांनी त्या एकदाही नीट लावून घेतलेल्या नसतात. त्यात डोळ्यांशी थेट संबंध असलेली सोय पहिली, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

प्रखर उजेड डोळ्यात शिरला की दोन वेगळ्या गोष्टी घडतात. पारपटल आणि नेत्रभिंग काचेसारखी दिसत असली तरी पूर्ण स्वच्छ नसतात. त्यांतून जाताना प्रकाशाचा थोडा भाग विखुरतो आणि दृष्टिपटलावर धुरकट पडद्यासारखा पसरतो. या पडद्यामुळे रस्त्याच्या कडेने चालणारा गडद कपड्यांतला माणूस दिसेनासा होतो. दिवा नजरेच्या रेषेपासून जितका बाजूला, तितका हा पडदा झपाट्याने विरळ होतो. दुसरी गोष्ट घडते ती दिव्याकडे थेट पाहिल्यावर. दृष्टिपटलाच्या ज्या मध्यभागाने आपण बारीक तपशील पाहतो, तिथल्या पेशींमधले प्रकाशग्राही द्रव्य तेवढ्यापुरते खर्च होते. मग नजर पुन्हा रस्त्यावर आणली तरी मधोमध एक डाग तरंगत राहतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. तो डाग तीनच सेकंद टिकला तरी साठ-पासष्ट मीटर रस्ता अर्धवट पाहून कापलेला असतो.

वयानुसार पहिली गोष्ट वाढत जाते. प्रकाशमापनाचे आंतरराष्ट्रीय संकेत ठरवणाऱ्या सीआयई या आयोगाच्या सूत्रात हा वाढीचा हिशेब आहे. त्यानुसार तरुण डोळ्यात जितका प्रकाश विखुरतो, त्यापेक्षा पन्नाशीत तो सुमारे सव्वापट, सत्तरीत दुप्पट आणि ८३ व्या वर्षी जवळपास तिप्पट विखुरतो. हा हिशेब निरोगी डोळ्याचा आहे. मोतीबिंदू वाढू लागला असेल तर त्याहून जास्त. ‘दिवसा काही त्रास नाही, रात्री गाडी चालवणं मात्र नको वाटतं’ असे साठीचे अनेक लोक सांगतात, त्यात हे मोठे कारण आहे.

या उजेडावरचा जुना उपाय म्हणजे आतल्या आरशाखालची छोटी खिट्टी. ती ओढली की आरसा अंधारतो, पण काच रंग बदलत नाही. तिथली काच पाचरीसारखी असते, वर जाड आणि खाली बारीक किंवा उलट. तिच्या मागच्या बाजूला चांदीसारखा लेप असतो, तोच दिवसा आपल्याला प्रतिमा दाखवतो. खिट्टी ओढली की लेपावरचे प्रतिबिंब गाडीच्या छताकडे वळते आणि डोळ्यात येते ते पुढच्या साध्या काचेवरचे फिकट प्रतिबिंब. साधी काच जेमतेम चार टक्के प्रकाश परत फेकते. उपाय स्वस्त आहे, त्यात बिघडण्यासारखे काही नाही. पण त्याला मधली पायरी नाही. मागे अप्पर लावलेला ट्रक असेल तर चार टक्के ठीक. तो ट्रक निघून गेला आणि मागे मिणमिणत्या दिव्याची दुचाकी आली, तर ती चार टक्क्यांत हरवते. आणि खिट्टी परत ढकलायची आठवण बहुतेकांना घरी पोहोचल्यावरच होते.

हा बदल आपोआप व्हावा यासाठी ज्या कंपनीने सर्वात मोठे काम केले ती मुळात आरशांची नव्हतीच. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात झीलँड या गावी १९७४ मध्ये जेंटेक्स ही कंपनी सुरू झाली ती धुराची सूचना देणारी उपकरणे बनवण्यासाठी. धूर ओळखण्यासाठी प्रकाश मोजावा लागतो आणि तेच ज्ञान त्यांनी आरशाकडे वळवले. १९८२ मध्ये त्यांनी आणलेल्या आरशात प्रकाश मोजून एक छोटी मोटर तीच पाचरीची काच हलवत असे. १९८७ मध्ये मोटर गेली आणि रसायन आले. आजचे बहुतेक ऑटो-डिमिंग आरसे त्याच मार्गाने चालतात.

या आरशात एकामागे एक अशा दोन काचा असतात. त्यांच्या आतल्या बाजूंना वीज वाहून नेणारे पातळ लेप असतात आणि दोहोंच्या मध्ये कागदाएवढ्या जाडीचा जेलसारखा थर. थरात दोन प्रकारचे रेणू विरघळलेले असतात. सव्वा व्होल्टच्या आसपास दाब दिला की एका प्रकारचे रेणू इलेक्ट्रॉन घेतात, दुसऱ्या प्रकारचे देतात आणि दोघांचाही रंग गडद होतो. सगळा थर निळसर-हिरवट काळा दिसू लागतो. वीज थांबली की ते रेणू थरात फिरता फिरता एकमेकांना भेटतात, इलेक्ट्रॉन परत करतात आणि थर पुन्हा पारदर्शक होतो. दिवसा ऐंशीच्या आसपास टक्के प्रकाश परत करणारा आरसा पूर्ण गडद झाल्यावर दहा टक्क्यांच्या घरात येतो; आणि दाब कमी-जास्त करून यांच्यामध्ये कुठेही थांबू शकतो. खिट्टीला जे जमत नाही ते हेच. शिवाय वीज तुटली तर आरसा स्वच्छ होऊन साध्या आरशासारखा काम करतो. या आरशांत वापरल्या जाणाऱ्या रेणूंचे एक कुटुंब म्हणजे व्हायोलोजेन. त्याचाच एक सदस्य शेतकऱ्यांना वेगळ्या नावाने माहीत आहे: पॅराक्वाट हे तणनाशक. म्हणून आरशाची काच फुटून आतला द्रव बाहेर आला तर त्याला हात लावू नये, लागला तर भरपूर पाण्याने धुवावा. डोळ्यात गेला तर धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. गाडीच्या रंगावर पडला तर तो ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसावा.

आरशाला केव्हा गडद व्हायचे हे कसे कळते? त्याला दोन डोळे असतात. एक सेन्सर आरशाच्या पाठीमागे, समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहणारा. दुसरा आरशाच्या दर्शनी बाजूला, मागच्या काचेकडे पाहणारा. तो कडेला छोट्या ठिपक्यासारखा दिसतो किंवा काचेमागे लपलेला असतो. पुढचा सेन्सर सांगतो की रात्र आहे. मागचा सांगतो की उजेड आला. दोन्ही खरे असतील तरच आरसा काळवंडतो. बाहेरचे आरसेही ऑटो-डिमिंग असतील, तर त्यांना सहसा स्वतःचे सेन्सर नसतात; ते आतल्या आरशाच्या निर्णयाप्रमाणे वागतात. रिव्हर्स गिअर टाकला की आरसा मुद्दाम स्वच्छ केला जातो. काही गाड्यांत आतला दिवा चालू असेल तरीही तो गडद होत नाही.

आरसा ‘बिघडला’ अशा बहुतेक तक्रारींचे मूळ या दोन सेन्सरांत असते. ओळखीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांचे उदाहरण यासाठी चांगले आहे. त्यांना काही आठवडे भर दुपारी मागचा रस्ता निळसर, संध्याकाळ झाल्यासारखा दिसू लागला होता. वय पासष्टच्या पुढे, त्यामुळे पहिली शंका मोतीबिंदूची. नेत्रतज्ज्ञांनी तपासून दोन प्रश्न विचारले: निळसर सगळीकडे दिसते की फक्त आरशात? आणि घरातल्या आरशात काय? उत्तर होते, फक्त गाडीतल्या आरशात. पिकत चाललेला मोतीबिंदू जगाला पिवळट-तपकिरी करतो, निळे नव्हे. आणि तो एकाच आरशापुरता मर्यादित राहत नाही.

कारण समोरच्या काचेवर होते. महिन्याभरापूर्वी त्यांनी नवा फास्टॅग लावून घेतला होता. तो काचेच्या वरच्या भागात, मधोमध, आरशाच्या मागे चिकटवतात. तो नेमका पुढच्या सेन्सरच्या नजरेसमोर आला. सेन्सरच्या दृष्टीने बाहेर कायमचा अंधार झाला आणि मागच्या काचेतून येणारे दुपारचे ऊन म्हणजे प्रखर दिवे ठरले. आरसा आपले काम चोख करत होता, त्याला दिलेली बातमी चुकीची होती. फास्टॅग एकदा काढला की फाटतो आणि पुन्हा वापरता येत नाही, म्हणून बँकेकडून दुसरा मागवून तो चार बोटे बाजूला लावला. त्या दिवसापासून आरसा दुपारी स्वच्छ.

याच्या उलट दोष असतो तो मागचा सेन्सर झाकला जाण्याचा. मागच्या काचेवर पडदा ओढलेला असेल, मागच्या सीटवर उशा-बॅगांचा ढीग छतापर्यंत गेला असेल, तर मागचे दिवे सेन्सरपर्यंत पोहोचतच नाहीत आणि आरसा रात्रभर स्वच्छ राहून डोळ्यांत उजेड फेकत राहतो. पण सर्वात जास्त आढळणारा अडथळा वेगळाच आहे. ॲक्सेसरीच्या दुकानात मिळणारा लांब रुंद आरसा किंवा कॅमेरा असलेला आरसा मूळ आरशावर क्लिपने किंवा रबरी पट्ट्याने बसवतात. त्याने मागचा सेन्सर झाकला जातो आणि महागाची काचही. नवा आरसा साधा असेल तर त्याला काळवंडता येत नाही. म्हणजे पैसे देऊन घेतलेली सोय आणखी पैसे देऊन बंद केलेली असते.

घरच्या घरी तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती दिवसाही करता येते. गाडी सावलीत उभी करा, इग्निशन चालू करा, गिअर न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा. आरशावर बटण असेल तर ते दाबून छोटा दिवा लागला आहे याची खात्री करा. काही गाड्यांत हे बटण चुकून बंद झालेले असते आणि तेवढाच दोष असतो. आता आरशाच्या पाठीमागचा सेन्सर अंगठ्याने किंवा काळ्या चिकटपट्टीने पूर्ण झाका आणि दर्शनी बाजूच्या सेन्सरवर मोबाइलची टॉर्च धरा. काही सेकंदांत काच गडद होताना दिसली पाहिजे. गडद झाली की पाय ब्रेकवर ठेवून रिव्हर्स गिअर टाका: ती पुन्हा स्वच्छ व्हायला हवी. गडदच झाली नाही, तर फ्यूज किंवा वायरिंग पाहावे लागेल. गडद झाली पण डागाडागांनी, किंवा काचेत बुडबुडे आणि कडेने पिवळट-तपकिरी पट्टा दिसत असेल, तर मधला थर खराब झाला आहे. बाहेरच्या आरशांत उन्हामुळे हे लवकर होते. तो थर दुरुस्त होत नाही, काच बदलावी लागते. आणि पुसताना स्प्रे थेट आरशावर मारू नका. द्रव कडेने आत सेन्सरपर्यंत जातो. फडक्यावर मारा, मग पुसा.

आतला आरसा बसवताना सीट नेहमीच्या जागी आणून आरशातून मागची काच पूर्ण चौकटीसह दिसेल असा ठेवा. हे प्रतिमेसाठी जितके महत्त्वाचे, तितकेच सेन्सरसाठी, कारण तोही त्याच दिशेने पाहतो. आरसा छताकडे वळवून ‘उजेड चुकवणारे’ चालक सेन्सरलाही छत दाखवत असतात.

मग बाहेरचे आरसे? आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत ते ऑटो-डिमिंग नसतात. त्यांच्यापुरता एक फुकटचा उपाय आहे आणि तो मला या सगळ्यांत सर्वात मोलाचा वाटतो. बहुतेक जण बाहेरचे आरसे असे लावतात की आपल्याच गाडीची बाजू त्यात चांगली चार बोटे दिसते. अशा आरशात थेट मागच्या गाडीचा दिवाही येतो. म्हणजे तोच दिवा तीन आरशांतून दिसतो. अमेरिकी अभियंता जॉर्ज प्लॅट्झर यांनी १९९५ मध्ये मांडलेली रीत वेगळी आहे. आपल्या उजव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी ती अशी: डोके उजव्या खिडकीच्या काचेला टेकेल इतके झुकवा आणि उजवा आरसा बाहेरच्या दिशेने फिरवा, इतका की स्वतःच्या गाडीची मागची कड आरशात जेमतेम दिसावी. मग दोन्ही पुढच्या सीटांच्या मधोमध डोके आणा आणि डावा आरसा तसाच लावा. सरळ बसलात की दोन्हींत स्वतःची गाडी दिसत नाही. थेट मागची गाडी फक्त आतल्या आरशात दिसते, जिथे ऑटो-डिमिंग आहे. ती ओव्हरटेक करू लागली की आतल्या आरशातून निघून बाहेरच्या आरशात येते, आणि तिथून सरळ डोळ्याच्या कोपऱ्यात.

ही रीत महामार्गाची आहे. शहरातल्या कोंडीत डावीकडून गाडीला घासून पुढे सरकणाऱ्या दुचाकी दिसायला डावा आरसा थोडा आत घेतलेला बरा. रिव्हर्स घेऊन गाडी लावतानाही आपल्या गाडीची कड आणि मागचे चाक दिसणे आवश्यक असते, आणि बाहेर वळवलेल्या आरशात तीच दिसत नाहीत. रिव्हर्सला झुकणारा आरसा ही अडचण सोडवतो, कारण त्याची जागा वेगळी साठवलेली असते.

तो किती झुकतो याचा हिशेब सोपा आहे. आरसा जमिनीपासून साधारण एक मीटर उंच आणि मागचे चाक त्याच्या मागे दोनेक मीटरवर. तिथली जमीन पाहायची तर नजर सुमारे २७ अंश खाली वळायला हवी. नेहमीच्या स्थितीत आरशाच्या खालच्या कडेतून नजर दहा-बारा अंशच खाली जाते, म्हणजे जमीन दिसू लागते ती पाचेक मीटर मागे. फरक पंधरा अंशांचा. पण आरसा जितका फिरतो त्याच्या दुप्पट प्रतिबिंब फिरते, म्हणून काच सात-आठ अंश झुकली की काम होते. डोळ्याला हा बदल जेमतेम जाणवतो. त्यामुळे आपल्या गाडीत ही सोय आहे हे कित्येकांना माहीतही नसते.

लावण्यासाठी गाडी सपाट जागी, फूटपाथच्या कडेपासून डावीकडे साधारण एक फूट अंतर ठेवून, समांतर उभी करा. आधी दोन्ही आरसे नेहमीच्या प्रवासासाठी नीट लावून घ्या. मग हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर ठेवा, चालकाच्या दारावरची आरसा निवडण्याची चकती किंवा बटण डाव्या आरशावर आणा आणि रिव्हर्स गिअर टाका. डावी काच खाली झुकेल. ती थांबल्यावर त्याच बटणाने अशी हलवा की मागचे चाक जमिनीला टेकते ती जागा आरशाच्या मधल्या भागात यावी, फूटपाथची कड तिच्या शेजारी दिसावी आणि आतल्या बाजूला गाडीची कड बोटभर राहावी. मग गिअर काढा. काच वर गेली की पुन्हा रिव्हर्स टाकून तीच जागा परत येते का पाहा. ज्या गाड्यांत सीट आणि आरशांची जागा किल्लीवर किंवा क्रमांकाच्या बटणावर साठवतात, तिथे प्रत्येक चालकाने हे स्वतःसाठी करायचे असते. काही गाड्यांत झुकण्याचे माप ठरलेले असते. तिथे मेनूमध्ये चालू-बंद एवढाच पर्याय मिळतो.

काच झुकतच नसेल तर मेकॅनिककडे जाण्याआधी चकती पाहा, कारण कंपन्यांत याबाबत एकमत नाही. फोक्सवॅगन आणि मर्सिडीजमध्ये डावा आरसा निवडलेला असावा लागतो. बीएमडब्ल्यूमध्ये उलट, बटण चालकाच्या बाजूला असेल तरच डावा आरसा झुकतो. ह्युंदाई, किया आणि टोयोटाच्या ज्या गाड्यांत ही सोय आहे, त्यांत डावा किंवा उजवा यांपैकी काहीतरी निवडलेले हवे. चकती मध्यावर ठेवली की सोय बंद. झुकण्याचा कंटाळा आला असेल तर बंद करण्याचा मार्गही तोच.

आरसा ‘आपोआप बदलतो’ किंवा ‘सेटिंग विसरतो’ अशी तक्रार असेल, तर बहुतेकदा रिव्हर्स गिअरमध्ये असताना कोणीतरी नेहमीची जागा दुरुस्त करायला बटण दाबलेले असते. गाडी ते रिव्हर्सचे सेटिंग म्हणून साठवते. उपाय एकच, दोन्ही जागा त्यांच्या त्यांच्या गिअरमध्ये पुन्हा लावणे. पुढे निघाल्यावर काच लगेच वर गेली नाही तर गडबडून बटण दाबू नका. मर्सिडीजसारख्या गाड्यांत ती गिअर काढल्यावर सुमारे दहा सेकंदांनी किंवा वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर गेल्यावर परत जाते. पार्किंगमध्ये पुढे-मागे करावे लागते, म्हणून ही सवलत.

दोन मर्यादा लक्षात ठेवाव्या लागतात. डावा आरसा बहुधा बहिर्वक्र असतो, त्यात फूटपाथ असतो त्यापेक्षा दूर दिसतो. पहिल्यांदा लावल्यावर खाली उतरून खरे अंतर टेपने मोजा आणि आरशात ते कसे दिसते हे मनात बसवा. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. काच झुकलेली असते तेव्हा त्या आरशात चाक आणि जमीन दिसते, मागून चालत येणारे मूल किंवा सायकल नाही. त्यासाठी आतला आरसा, कॅमेरा आणि मान वळवून पाहणे याला पर्याय नाही.

राहिली आपोआप मिटण्याची सोय, तिच्यात लावण्यासारखे थोडेच आहे. काही गाड्यांत आरसे मिटण्याच्या बटणाला तीन जागा असतात आणि मधली ‘ऑटो’. ती निवडली की कुलूप लावताच आरसे मिटतात आणि कुलूप उघडल्यावर किंवा गाडी सुरू केल्यावर उघडतात. काहींत हा पर्याय स्क्रीनवरच्या गाडीच्या सेटिंगमध्ये, आरसे किंवा कुलूप या शीर्षकाखाली असतो. अरुंद गल्लीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ही सोय उपयोगी आहे, आणि आरसे मिटलेले दिसले म्हणजे कुलूप लागले हे लांबूनही कळते.

बिघाड होतो तो हाताने. पार्किंगमधला पोऱ्या किंवा शेजारून जाणारा स्कूटरवाला विजेवर मिटणारा आरसा ढकलतो आणि आरशाचे घर आतल्या खाचेतून सुटते. मग आरसा उघडलेला दिसतो, पण पूर्ण बसलेला नसतो. वेगात थरथरतो आणि त्यातले दृश्य एका बाजूला सरकलेले असते. इथे बहुतेक जण काच फिरवून दृश्य जुळवतात, आणि पुढच्या वेळी आरसा नीट बसला की ते दृश्य पुन्हा बिघडते. काच हलवणाऱ्या मोटरी वेगळ्या आणि घर मिटवणारी मोटर वेगळी. मिटण्या-उघडण्याने काचेचे सेटिंग बदलत नाही. म्हणून दृश्य अचानक सरकले असेल तर काचेला हात न लावता बटणाने आरसा मिटवा आणि उघडा, गरज पडल्यास तीन-चार वेळा, ‘टक्’ असा आवाज येऊन घर खाचेत बसेपर्यंत. मोटर फिरत असताना हाताने मदत करू नका, त्यातले प्लॅस्टिकचे दाते तेवढ्यानेही तुटतात. आवाज येत राहिला आणि आरसा तसाच ढिला राहिला, तर ते दाते गेलेले असतात.